म्हण जुळते, प्रसंग जुळत नाही: मराठी म्हणींना हिंदी-कन्नड जोड शोधताना वारंवार होणारी चूक

एका कथेचा हिंदी अनुवाद करत होते. कथेतला कारकून बदली होऊन नव्या कचेरीत येतो, पहिल्याच दिवशी टेबलावर धूळ खात पडलेल्या फायली बघतो आणि शेजारच्याला म्हणतो, "तिथंही हेच, इथंही हेच. कुठंही जा, पळसाला पानं तीनच." मी हिंदीत लिहिलं, "वहाँ भी यही, यहाँ भी यही। वही ढाक के तीन पात।" पळस म्हणजेच ढाक, पानंही तीनच. शब्दशः भाषांतर टाळलं, हिंदीतली तयार म्हण वापरली, झाड तेच आणि पानंही तीच. इतकी चोख जोड क्वचित मिळते, म्हणून मी निर्धास्त पुढे गेले.

मसुदा वाचणाऱ्या हिंदीभाषक बाईंनी समासात लिहिलं, "सुधार की कोशिश किसने की थी? पिछले पन्नों में तो नहीं दिखी।"

प्रश्न मला आधी कळलाच नाही. सुधारणेचा प्रयत्न कुणी केला असं मी कुठं म्हटलं होतं? म्हणून मग हिंदीत ही म्हण कुठं कुठं येते ते पाहत बसले. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी म्हणीच्या आधी काहीतरी खटपट झालेली होती. बैठका झाल्या, आश्वासनं दिली गेली, औषधं बदलली, आणि मग "नतीजा वही ढाक के तीन पात". म्हणजे इतकं करूनही परिस्थिती जिथल्या तिथं. मराठी म्हण मात्र दोन ठिकाणांची तुलना करते: इथं आणि तिथं, माणसं आणि त्यांच्या तऱ्हा सारख्याच. हिंदी म्हण तुलना करते ती आधीची आणि नंतरची. हिंदीतल्या तीन पानांना मराठीत जोड हवी असेल तर ती "ये रे माझ्या मागल्या" ही आहे, पळस नव्हे.

ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे आणि इतरांच्या मसुद्यांतही ती सतत दिसते, म्हणून ती कशी ओळखायची आणि कशी दुरुस्त करायची ते सविस्तर लिहिते आहे. शब्दशः भाषांतराची चूक निदान डोळ्यांना दिसते. "काखेत कळसा, गावाला वळसा" याचं कुणी "बगल में कलसा, गाँव का चक्कर" केलं, तर हिंदी वाचक अडखळतो, तपासणाराही तिथं खूण करतो. पण चित्र सारखं आणि अर्थ वेगळा अशी म्हण बसली, तर वाक्य गुळगुळीत वाचलं जातं. अनुवादकाला चूक दिसत नाही, मराठी न जाणणाऱ्या तपासनिसालाही दिसत नाही. वाचकाच्या हाती मात्र वेगळीच गोष्ट पडते.

चित्र बाजूला ठेवा, प्रसंग लिहून काढा

आपण जोड शोधायला निघतो ते म्हणीतल्या वस्तू घेऊन. घडा असेल तर घड्याची म्हण, गाढव असेल तर गाढवाची. कोशही तसेच रचलेले असतात, मुख्य शब्दाखाली म्हणी. त्यामुळे हात आपोआप सारख्या चित्राकडे जातो. यावर मला लागू पडलेला उपाय एकच आहे. मूळ वाक्य झाकून ठेवायचं आणि कागदावर त्या जागेचा प्रसंग दोन-तीन ओळींत लिहायचा, म्हणीतला एकही शब्द न वापरता. कोण बोलतंय आणि कुणाला? ज्याच्याबद्दल बोलणं आहे तो समोर आहे की नाही? आधी काय घडलंय? आणि म्हणणाऱ्याचा सूर कोणता, सांत्वनाचा, टोमण्याचा, उद्वेगाचा की उपदेशाचा?

कारकुनाच्या वाक्यासाठी माझी चिठ्ठी अशी झाली: "नवा माणूस शेजाऱ्याला सांगतो. आधी काही घडलेलं नाही, तो आजच आलाय. दोन कचेऱ्यांची तुलना. राग नाही, कंटाळलेला स्वीकार आहे. कुणावर भ्रष्टाचाराचा आरोप नाही, फक्त ढिलाई."

ही चिठ्ठी समोर ठेवल्यावर उमेदवार पटापट गळायला लागले. "एक ही थैली के चट्टे-बट्टे" गेलं, कारण ते माणसांवरचं दूषण आहे, आपल्याकडच्या "एकाच माळेचे मणी"सारखं, आणि कारकुनाला शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी दुखवायचं नाही. "हमाम में सब नंगे" गेलं, कारण त्यात सगळेच सारखे दोषी असल्याची धार आहे आणि इथं गुन्हा कुणाचाच नाही. "घर-घर मटियाले चूल्हे" अर्थानं जवळ आलं, पण ते कुटुंबातल्या कुरबुरींना शोभतं, फायलींना नाही. शेवटी मी म्हण सोडून दिली आणि लिहिलं, "वहाँ भी यही, यहाँ भी यही। जगह बदलती है, हाल नहीं।" ही म्हण नाही, पण बोलण्यातला तोल म्हणीसारखा आहे आणि अर्थ नेमका तोच. कन्नड अनुवादात त्याच जागी "एल्लिगे होदरू अष्टे" एवढं पुरलं, म्हणजे कुठंही गेलं तरी तेवढंच.

हे सांगायचं कारण, जोड शोधणं म्हणजे दर वेळी म्हणीच्या जागी म्हणच बसवणं असा समज असतो. पळसाचं वाक्य म्हणीशिवाय अधिक खरं उतरलं.

चिठ्ठी लिहिल्यावर आणखी काही जुन्या जोड्या मोडल्या. "ज्याच्या हाती ससा तो पारधी" याला "जिसकी लाठी उसकी भैंस" देण्याची पद्धत आहे. प्रसंग मांडून पाहिला तर पहिलीत श्रेयाचा प्रश्न आहे, शिकार कुणीही केली असो, ससा ज्याच्या हातात दिसतो त्यालाच लोक पारधी समजतात. दुसरीत बळजबरी आहे, आणि तिची मराठी जोड "बळी तो कान पिळी" ही आपल्याकडे वेगळी आहेच. तसंच "पालथ्या घड्यावर पाणी" आणि "चिकना घड़ा". दोन्हींत घडा आणि दोन्हींत पाणी वाया, पण हिंदीत एखाद्याला चिकना घड़ा म्हटलं की बोट त्याच्या निगरगट्टपणावर जातं. मराठीत तो पोरगा नुसता मंद असू शकतो, शिकवणाऱ्याची मेहनत फुकट गेली एवढंच म्हणायचं असतं. कन्नडमध्ये इथं "गोर्कल्ल मेले मळे गरेदंते" ही म्हण आहे, खडकावर पाऊस पडावा तसं. घडा नाही, पण मराठीच्या जास्त जवळची तीच.

उलट बाजूही सांगायला हवी, म्हणजे विनाकारण भीती बसणार नाही. "नाचता येईना अंगण वाकडं" याला हिंदीत "नाच न जाने आँगन टेढ़ा" आणि कन्नडमध्ये "कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते", तिन्हींचा प्रसंग एकच. "अंथरूण पाहून पाय पसरावे" हेही "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" असं जसंच्या तसं कन्नडमध्ये आहे. आणि "दुरून डोंगर साजरे"ची गंमत अशी की डोंगर कन्नडमध्ये टिकतो, "दूरद बेट्ट नुण्णगे", म्हणजे लांबचा डोंगर गुळगुळीत दिसतो, पण हिंदीत गेल्यावर त्याचा ढोल होतो, "दूर के ढोल सुहावने". चित्र जुळणं हा दोष नाही आणि पुरावाही नाही.

म्हण विचारू नका, प्रसंग सांगा

माझ्या मामी धारवाडच्या. लग्नानंतर मराठी त्यांनी छान आत्मसात केली, पण रागावल्या किंवा हळव्या झाल्या की कन्नडच येते. कन्नड अनुवाद नव्यानं करायला लागले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, "मामी, घरोघरी मातीच्या चुली याला कन्नडमध्ये काय म्हणतात?" मामींनी क्षणभर विचार केला आणि प्रत्येक शब्दाला कन्नड शब्द देत एक वाक्य करून दिलं. मी ते वहीत उतरवलं. वाक्यात चूक काहीच नव्हती. पण ते मामींनी माझ्यासाठी तयार केलेलं होतं, त्यांच्या घरी कुणी म्हणत असलेलं नव्हतं.

काही दिवसांनी मावसबहिणीच्या घरच्या भांडणाची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगत होते. ती फार शरमून गेली होती, आमच्याच घरात असं का म्हणून. मामी पटकन म्हणाल्या, "अगं, तिला सांग, एल्लर मनि दोसिनू तूते!" सगळ्यांच्या घरच्या डोशाला भोकं असतातच. मी आठवडाभर जी म्हण शोधत होते ती ही. मामींना ती पहिल्या दिवशीही माहीत होती, पण माझ्या प्रश्नानं त्यांना चुलीपाशी बांधून ठेवलं होतं. समोर चूल ठेवली की दोन्ही भाषा येणारा माणूस चुलीचं भाषांतर करतो. आपल्याला मदत करावी म्हणूनच करतो.

तेव्हापासून मी जाणकाराला मराठी म्हण ऐकवतच नाही. चिठ्ठीतला प्रसंग सांगते: "एका बाईच्या घरी भांडण झालंय, ती ओशाळलीय, तिची मैत्रीण तिला धीर देतेय. तुमच्याकडे अशा वेळी काय म्हणतील?" उत्तर लगेच आलं आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडून तेच आलं तर ती जोड जिवंत आहे असं समजते. माणूस अडखळून वाक्य जुळवायला लागला तर थांबवते आणि प्रसंगच आणखी रंगवून सांगते. मूळ म्हण शेवटी सांगते, तीही फक्त "सूर तसाच आहे ना?" हे विचारायला.

अशाच विचारण्यातून "चोराच्या मनात चांदणं" याला मिळालेली कन्नड जोड मला फार आवडते. हिंदीत चोराच्या दाढीत काडी आहे, "चोर की दाढ़ी में तिनका". कन्नडमध्ये कुणीतरी मोघम म्हणतं, "कोहळाचोर!", आणि खरा चोर हळूच आपला खांदा चाचपून पाहतो, "कुंबळकायि कळ्ळ अंदरे हेगलु मुट्टि नोडिकोंडनंते". खांद्यावरून कोहळा नेल्याची खूण तर उरली नाही ना! तिन्ही म्हणींमध्ये चोर सोडून एकही वस्तू सामाईक नाही, पण प्रसंग एकच: नाव न घेता बोललं तरी ज्याचं मन खातं तो स्वतःहून उघडा पडतो. असं चित्र शब्दांच्या मागे लागून कधीच सापडलं नसतं.

लेखी खातरजमा

विचारायला माणूस नसेल, किंवा विचारून झाल्यावर पक्कं करायचं असेल, तर म्हण नेटवर अवतरणचिन्हांत शोधा. पण म्हणींच्या याद्या उघडू नका. याद्यांमध्ये अर्थ एका ओळीत दिलेला असतो आणि तो बरेचदा एकमेकांवरून उतरवलेला असतो. बातमी, लेख, कथा अशा चालत्या मजकुरातली दहाएक उदाहरणं काढा आणि प्रत्येकात म्हणीच्या आधीचं एक वाक्य वाचा. माझा पळसाचा घोटाळा असा शोध घेतला असता तर पहिल्या तीन उदाहरणांतच उघड झाला असता:

```
"नतीजा वही ढाक के तीन पात"
```

इथं "नतीजा" हा शब्दच सांगतो की आधी प्रयत्न झालेला आहे. असा पाठराखण करणारा एखादा शब्द बहुतेक म्हणींना असतो: नतीजा, आखिर, फिर वही, इतना करके भी. तो मराठी प्रसंगात बसत नसेल तर म्हणही बसत नाही.

कन्नडसाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. देवनागरीत लिहून शोधलं तर फारसं हाती लागत नाही, फोनमध्ये कन्नड कीबोर्ड चालू करून कन्नड लिपीतच टाइप करा. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ वेगळे असतात, आणि आपण देवनागरीत ते एकच लिहितो, त्यामुळे लिपी बदलताना तेवढं कुणाकडून तपासून घ्या. दुसरं म्हणजे कन्नड शब्दांना प्रत्यय चिकटतात आणि बोलीप्रमाणे रूप बदलतं. मामी "मनि" म्हणाल्या, पुस्तकी कन्नडमध्ये ते "मने" असतं, उत्तर कर्नाटकच्या बोलीत शेवटचा ए असा इकाराकडे झुकतो. कुणी "दोसेनू तूते" लिहितो, कुणी "दोसेयू तूतु". म्हणून अख्खी म्हण अवतरणांत टाकू नका, मुख्य शब्द सुटे टाका:

```
ಎಲ್ಲರ ಮನೆ ದೋಸೆ ತೂತು
```

लेखी कन्नड अनुवादात पुस्तकी रूप वापरायचं की धारवाडी, हे पात्र कुठलं आहे यावर ठरवा. पण एकदा ठरवलं की पूर्ण मजकुरात तेच ठेवा. एकाच म्हातारीच्या तोंडी एकदा मने आणि एकदा मनि आलं की ती दोन गावांची वाटते.

अर्थ बरोबर, दिशा उलटी

चित्र सारखं पण अर्थ वेगळा अशा म्हणी बाजूला काढल्या, प्रसंगही जुळला, तरी एक अडचण उरते. ती मला बराच काळ लक्षात येत नव्हती. "उथळ पाण्याला खळखळाट फार" घ्या. हिंदीत "अधजल गगरी छलकत जाय" आहे, "थोथा चना बाजे घना" आहे, दोन्ही बढाईखोरावर नेम धरतात. कन्नडमध्ये या जागी सर्रास दिली जाते ती "तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल". भरलेली घागर हिंदकळत नाही. तत्त्व तेच, पण हिचं तोंड विरुद्ध दिशेला आहे. ती शांत माणसाचं कौतुक करते.

माझ्याकडच्या एका प्रसंगात आत्या भाच्याला तोंडावर म्हणते, "उथळ पाण्याला खळखळाट फार हो!" भाचा गप्प होतो. कन्नडमध्ये आत्यानं नुसतं "तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल" म्हटलं तर ऐकणाऱ्याला अर्थ लागेल, पण तो एक पायरी वळसा घालून लागेल, आणि टोमणा बोथट होईल. भाच्याचं गप्प होणं मग खरं वाटत नाही. इथं मी म्हण ठेवली, पण तिच्या आधी अर्धं वाक्य घातलं: आत्या आधी भाच्याच्या शांत मोठ्या भावाकडे हात करते आणि मग घागरीचं म्हणते. म्हण ज्याच्याबद्दल खरी आहे तो माणूस दाखवला की उरलेला बाण आपोआप भाच्याला लागतो. मूळ लेखकाला विचारून एवढा बदल करता येत असेल तरच करा. सिनेमाच्या उपशीर्षकांत अशी सोय नसते. तिथं घागर सोडून सरळ बोलणं परवडतं.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी" इथंही अशीच छटा आहे. कन्नडमध्ये "कार्यवासि कत्ते कालु हिडि", गाढव आणि त्याचे पाय दोन्ही हजर. पण "हिडि" हे आज्ञार्थी रूप आहे: काम साधायचं तर गाढवाचेही पाय धर. मराठीत हरीबद्दल थोडी कणव आहे, बिचाऱ्यावर ही वेळ आली. कन्नड म्हण सल्ला देते. तिऱ्हाईत माणूस अडलेल्याबद्दल हळहळतोय असा प्रसंग असेल तर ती कोरडी वाटेल. अडलेला स्वतःच्या मनाची समजूत घालत असेल, किंवा मित्र त्याला कमीपणा घ्यायला तयार करत असेल, तर मात्र अगदी फिट्ट बसते. हिंदीतलं "ज़रूरत पड़ने पर गधे को भी बाप बनाना पड़ता है" दोन्हीकडे चालतं, कारण "पड़ता है"मध्ये लाचारी आलेलीच आहे.

कन्नड म्हणीचं शेपूट

हा मुद्दा लहान आहे, पण नवख्या अनुवादात हमखास दिसतो. "काखेत कळसा, गावाला वळसा" याची कन्नड जोड सुंदर आहे: "अंगैयल्लि बेण्णे इट्टुकोंडु ऊरेल्ला तुप्पक्के अलेदंते", तळहातावर लोणी असून तुपासाठी गावभर हिंडावं तसं. (हिंदीत तेच "बगल में छोरा, शहर में ढिंढोरा".) आता शेवटचा "अंते" पाहा. "अलेदंते" म्हणजे हिंडल्यासारखं. ही उपमा आहे, आणि संवादात तिला पूर्ण करणारं क्रियापद लागतं: "अलेदंतायितु", म्हणजे तसं झालं. वर अंगणाच्या म्हणीत आलेला "अंदळंते" दिसायला तसाच, पण तो वेगळा अंते आहे, आपल्या "म्हणे"सारखा: ती म्हणाली म्हणे. तिथं वाक्य पूर्ण असतं, पुढं काही जोडायचं नाही.

यादीतून उचलून "अलेदंते" तसंच संवादात ठेवलं तर पात्र बोलता बोलता थांबल्यासारखं वाटतं. म्हणून कन्नड म्हण मिळाली की आधी शेवट बघा. उपमा असेल तर ती मराठी वाक्यात "...सारखं झालं" अशी वाचून पाहा आणि तसं क्रियापद द्या.

जोड फारच चांगली असते तेव्हा

डोशाकडे परत येते, कारण सगळ्यात अवघड निर्णय मला तिथं घ्यावा लागला. मामींची म्हण मिळाल्यावर मी ती दोन ठिकाणी वापरली. एक होता घरगुती नात्यांवरचा लेख. तिथं ती लोण्यासारखी उतरली. दुसरी होती खेड्यातल्या एका आजीची कथा. आजी चूल सारवता सारवता सुनेला म्हणते, "घरोघरी मातीच्या चुली गं, रडू नको." तिथं डोसा घातला आणि वाचून पाहिलं तर आजीच बदलली होती. जिच्या घरात आख्ख्या कथेभर भाकरी थापली जाते, ती डोशाच्या भोकांची गोष्ट कशी करेल? शिवाय हात चुलीवर फिरतोय आणि तोंडी चूल आहे, लेखिकेनं ते मुद्दाम जुळवलेलं होतं. म्हणीबरोबर तो दुवाही गेला.

म्हणून जोड बसवण्याआधी म्हणीच्या आसपासची दोन पानं वाचा. म्हणीतली वस्तू कथेत खरोखर हजर असेल, किंवा पुढे तिच्यावर कुणी कोटी करणार असेल, तर जोड कितीही अस्सल असली तरी ती घेऊ नका. अशा जागी मी शब्दशः भाषांतर करते, पण ते म्हण म्हणून दाखवून. कन्नडमध्ये आजी म्हणते, "मने मनेगू मण्णिन ओले, मगळे", घरोघरी मातीची चूल, पोरी, आणि हात चुलीवरच राहतो. चित्र इतकं पारदर्शक आहे की समजावून सांगावं लागत नाही. अर्थ इतका उघड नसेल तर पात्राच्या तोंडी "हमारे यहाँ कहते हैं" किंवा "नम्म कडे हेळ्तारे" घाला. त्या तीन-चार शब्दांनी वाचक सावध होतो की पुढं परक्या मुलखातलं काही येतंय, आणि अडखळत नाही. पण पुस्तकभर हे दोन-तीनदाच चालतं. प्रत्येक म्हणीला "हमारे यहाँ कहते हैं" लावलं की पात्रं बोलायची थांबून म्हणी सांगायला लागतात.

पातळीचंही असंच. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" याला हिंदीत सयान्या कावळ्याची म्हण आहे, अर्थ अचूक, पण तिचा शेवट त्या कावळ्याच्या विष्ठा खाण्यावर होतो. मराठी म्हण शाळेच्या पुस्तकात चालते, हिंदी चालणार नाही. तिथं "ज़्यादा होशियारी ले डूबी" पुरतं. उलट "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी" हिंदीत "उँगली पकड़ते ही पहुँचा पकड़ लिया" होते तेव्हा जातीचा उल्लेख आपोआप गळतो. कथेला तो उल्लेख लागत नसेल तर मी ही जोड आनंदानं घेते. पात्राच्या मनातला जातीचा डंख दाखवायचा असेल तर तो दुसऱ्या वाक्यात आणावा लागतो, कारण हिंदी म्हण तो वाहून नेत नाही.

आणि काही म्हणींना एका भाषेत जोड असते, दुसरीत नसते. "नाकापेक्षा मोती जड" कन्नडमध्ये थेट आहे, "मूगिगिंत मूगुति भार", नाकापेक्षा नथ जड. हिंदीत याला "चार आने की मुर्गी, बारह आने का मसाला" देतात. तिच्यात फक्त खर्चाचा हिशोब आहे. मराठीत खर्चही असतो आणि अधिकारही: घरच्या माणसापेक्षा त्यानं ठेवलेला नोकर वरचढ व्हावा, तेव्हाही आपण हेच म्हणतो. माझ्याकडच्या मजकुरात नोकराचाच प्रसंग होता. कोंबडी तिथं चालली नसती, म्हणून हिंदीत लिहिलं, "नौकर मालिक से भारी पड़ने लगा।" "भारी" या शब्दात मोत्याचं वजन तेवढं उरलं.